रोज ठरावीक वेळेला तुटणारी लाइन: राऊटरचा लॉग आणि एसएनआर वाचून दोष कसा शोधायचा

दिवसभर नेट सुरळीत आणि संध्याकाळी नेमकं सातच्या ठोक्याला गायब. अशी तक्रार घेऊन कुणी आलं की मला उलट बरं वाटतं. कधीही, कशीही तुटणारी लाइन पकडणं अवघड. वेळ पाळून तुटणाऱ्या लाइनीने निम्मा पत्ता आधीच सांगितलेला असतो. राहतं ते एवढंच, की त्या वेळेला काय चालू होतं किंवा काय बंद होतं ते शोधायचं. त्यासाठी लागणाऱ्या नोंदी, म्हणजे लॉग, राऊटर स्वतःच ठेवत असतो, फक्त त्या उघडून कुणी बघत नाही.

हा लेख टेलिफोनच्या तांब्याच्या तारेवरून येणाऱ्या ब्रॉडबँडबद्दल, म्हणजे डीएसएलबद्दल आहे. कोल्हापुरात पेठांमधल्या जुन्या वाड्यांत, काही ऑफिसांत आणि शहराच्या कडेला ही जोडणी अजून दिसते. तुमच्याकडे फायबर असेल तर लॉगचा भाग तुमच्याही कामाचा आहे, पण एसएनआरचा, म्हणजे सिग्नल गोंगाटापेक्षा किती वर आहे त्या आकड्याचा, नाही. तिथे प्रकाशाची पातळी बघतात. ती साधारण उणे ८ ते उणे २७ डीबीएमच्या मध्ये असावी लागते आणि एरवी घड्याळाप्रमाणे खालीवर होत नाही.

आधी घरातला वायफाय बाजूला काढा

लॉगला हात लावण्याआधी संगणक केबलने राऊटरला जोडा आणि तुटायच्या वेळी हे चालू ठेवा:

```
ping -t 192.168.1.1
```

पत्ता तुमच्या राऊटरचा घाला. नेट गेलं तरी इथून उत्तरं येत राहिली, तर संगणकापासून राऊटरपर्यंत सगळं ठीक आहे आणि दोष पलीकडे आहे. केबलवर नेट टिकतं आणि फक्त मोबाइलवर जातं, असं दिसलं तर तो वायफायचा प्रश्न. त्यावर या लेखात उपाय नाही.

राऊटरचं घड्याळ

वेळेवरून चोर पकडायचा तर घड्याळ बरोबर हवं. बऱ्याच राऊटरना स्वतःचं घड्याळ नसतं. वीज आली की ते १ जानेवारी १९७० पासून मोजायला लागतात आणि नेट जोडल्यावर सर्व्हरकडून खरी वेळ घेतात. सेटिंगमध्ये `NTP` किंवा `Internet Time` चालू करा, सर्व्हर म्हणून `in.pool.ntp.org` द्या आणि टाइम झोन `+5:30` ठेवा. झोन द्यायचा राहिला तर संध्याकाळी साडेसातची नोंद दुपारी दोनची म्हणून दिसते, आणि माणूस दुपारी दोन वाजता काय होतं याच्या मागे लागतो.

आणखी दोन गोष्टी बघा. लॉगची पातळी `Error` वर असेल तर कामाच्या ओळी गाळल्या जाऊ शकतात. ती `Notice` किंवा `Debugging` करा. दुसरं म्हणजे हा लॉग राऊटरच्या तात्पुरत्या मेमरीत असतो. नेट गेलं की राऊटर बंद-चालू करायची आपली सवय पुरावाच पुसून टाकते. आधी लॉगचं पान सेव्ह करा, मग बटणाला हात लावा. `Remote syslog` ची सोय असेल तर घरातल्या एखाद्या संगणकाचा पत्ता देऊन नोंदी तिकडे पाठवता येतात, पोर्ट 514.

लॉगमध्ये काय तुटलं ते बघायचं

नेट गेलं असं आपण म्हणतो, पण त्याचे तीन प्रकार असतात आणि तिन्हींच्या खुणा वेगळ्या.

पहिला प्रकार म्हणजे राऊटरच बंद पडून पुन्हा सुरू झाला. लॉगमध्ये मधेच १९७० च्या ओळी येतात आणि `Uptime` काही मिनिटांचाच दिसतो. याला लाइनीचा दोष नाही. संध्याकाळी व्होल्टेज उतरतं आणि दमलेला अॅडाप्टर तेवढंही सहन करत नाही. त्याच रेटिंगचा चांगला अॅडाप्टर लावून बघा.

दुसऱ्यात लाइन शाबूत असते, पण लॉगिनचं सत्र तुटतं. तेव्हा अशा ओळी दिसतात:

```
pppd: No response to 3 echo-requests
pppd: Serial link appears to be disconnected.
```

यांच्या आधी `link down` नसेल तर तार आणि एसएनआर यांचा संबंध नाही. गडबड कंपनीच्या बाजूला आहे. इथे एक बारकावा बघून घ्या. दोन तुटण्यांमधलं अंतर मोजा. ते दर वेळी सारखंच भरत असेल, समजा बरोबर २४ तास, तर तो सत्राच्या मुदतीचा नियम असतो. एक दिवस मुद्दाम सकाळी दहाला जोडणी करा. दुसऱ्या दिवशी दहालाच तुटली तर प्रश्न मिटला.

तिसरा प्रकार आपल्या कामाचा, लाइनच तुटण्याचा:

```
Nov 18 19:14:06 kernel: Line 0: ADSL link down
Nov 18 19:14:09 kernel: Line 0: xDSL G.994 training
Nov 18 19:14:20 kernel: Line 0: ADSL G.992 started
Nov 18 19:14:27 kernel: Line 0: ADSL G.992 channel analysis
Nov 18 19:14:33 kernel: Line 0: ADSL link up, Bearer 0, us=1021, ds=10512
```

शब्द कंपनीगणिक थोडे बदलतात, क्रम मात्र हाच. शेवटच्या ओळीतला `ds` म्हणजे नव्याने ठरलेला डाउनलोडचा वेग, किलोबिटमध्ये. सगळ्यात बोलका आकडा हाच आहे आणि लोक नेमका तोच सोडून देतात.

मार्जिनचा आकडा एकटा वाचू नये

राऊटरच्या `Statistics` किंवा `xDSL` पानावर `SNR Margin` लिहिलेलं असतं. आत्ताच्या वेगाने डेटा न्यायला सिग्नल गोंगाटापेक्षा जितका वर लागतो, त्याहून किती डीबी जास्त शिल्लक आहे, एवढाच त्याचा अर्थ. पावसाळ्यात आपण राजाराम बंधाऱ्याची पातळी बघतो. ३९ फुटांना इशारा, ४३ ला धोका. मार्जिन म्हणजे धोक्याला अजून किती फूट बाकी आहेत तो आकडा. फरक एवढाच, की मॉडेम दर वेळी नव्याने जोडताना ही धोक्याची रेघच सरकवतो. त्या क्षणी गोंगाट कितीही असो, वेग कमी-जास्त करून तो मार्जिन साधारण ६ डीबीवर आणून ठेवतो.

म्हणूनच नेट तुटून परत आल्यावर पान उघडलं की ६ दिसतात आणि ‘लाइन तर चांगली आहे’ असं सगळे म्हणतात. लाइन सुधारलेली नसते, वेग उतरलेला असतो. मार्जिन नेहमी त्या वेळचा वेग आणि जोडणीची वेळ यांच्यासोबतच लिहून ठेवा. तुमच्या प्लॅनमुळे वेगाला वरची मर्यादा असेल, तर मार्जिन सहाच्या बराच वर राहू शकतो. अशा लाइनीवर उलट सोपं असतं, कारण वेग हलत नसल्याने दोन वेळांचे मार्जिन थेट ताडून बघता येतात.

वहीत चार रकाने पुरतात: वेळ, डाउनलोडचा वेग, मार्जिन आणि त्या पंधरा मिनिटांतल्या `CRC` चुका. `FEC` चुका मॉडेमने स्वतः दुरुस्त केलेल्या असतात, त्यांची काळजी नको. `CRC` म्हणजे दुरुस्त न झालेल्या. बऱ्याच राऊटरमध्ये दर १५ मिनिटांचे हिशेब वेगळे मिळतात. टेलनेट चालू असेल आणि आत ब्रॉडकॉमची चिप असेल तर हे दोन आदेश चालतात. जुन्या मॉडेलवर `xdslctl` च्या जागी `adsl` लिहावं लागतं:

```
xdslctl info --stats
xdslctl info --SNR
```

मामांच्या घरची लाइन

मंगळवार पेठेत माझे मामा राहतात, पहिल्या मजल्यावर. खाली दुकानं. त्यांची तक्रार अशी की सात वाजून गेले की नेट जातं, दोन मिनिटांनी येतं आणि मग रात्रभर हळू चालतं. सकाळी पुन्हा छान. लाइनमन दोनदा सकाळी येऊन बघून गेला आणि ‘काय नाही ओ, एकदम ओके हाय’ म्हणाला. सकाळी ती ओकेच होती. `Line Attenuation` ३१ डीबी, म्हणजे एक्स्चेंज ढोबळमानाने सव्वादोन किलोमीटरवर. त्या अंतराला तेरा एमबीपीएस हा चांगलाच वेग.

वहीतलं एका दिवसाचं पान असं होतं. वेगाचे आकडे किलोबिटमध्ये, मार्जिन डीबीमध्ये:

```
वेळ     ds      SNR    CRC
11:05   13184    6.3     0
18:40   13184    6.0     2
19:12   13184    1.3   640
19:15   10512    6.1     0
21:50   10512   10.9     3
```

आता हे वाचू. सकाळपासून पावणेसातपर्यंत मार्जिन जवळजवळ हललेला नाही. सव्वासातच्या आत तो एकदम पाच डीबीने खाली आला, चुका वाढल्या आणि लाइन तुटली. जोडणी परत झाली तेव्हा मार्जिन पुन्हा ६, पण वेग १३१८४ वरून १०५१२. रात्री पावणेदहाच्या सुमारास वेग तोच असताना मार्जिन १०.९ झाला, म्हणजे गोंगाट तेवढाच पाच डीबीने ओसरला.

दोन्ही बाजूंचा हिशेब जुळतो का, तेही बघता येतं. डीएसएल तारेवरची जागा ४.३१२५ किलोहर्ट्झच्या पट्ट्यांत वाटतं. त्यांना टोन म्हणतात. एका टोनवर एक बिट जास्त बसवायला साधारण ३ डीबी लागतात आणि हे सेकंदाला ४००० वेळा होतं. चारशे टोन कामात असतील तर ३ डीबी म्हणजे अंदाजे १६०० किलोबिट. पाच डीबीचे झाले २६०० च्या आसपास, आणि वेग उतरला होता २६७२ ने. आकडे एकमेकांना धरून आहेत, म्हणजे हा एकच, स्थिर गोंगाट. सव्वासातच्या आधी चालू होतो, पावणेदहापर्यंत बंद होतो.

मग हे रोजच का तुटायचं? मामा झोपताना राऊटरचं बटण बंद करायचे. सकाळी शांत वेळेला जोडणी होऊन मॉडेम १३ एमबीपीएसवर रेघ ओढायचा आणि ती संध्याकाळच्या गोंगाटाला पुरायची नाही. मी म्हटलं, ‘मामा, आठ दिवस रात्री बंद करू नका.’ संध्याकाळी तुटून साडेदहा एमबीपीएसवर जोडलेली लाइन तशीच राहू दिली, तर दुसऱ्या संध्याकाळी मार्जिन ११ वरून ६ वर आला, पण लाइन टिकली. दोष मिळेपर्यंतचा फुकटातला उपाय हाच: गोंगाट चालू असताना एकदा राऊटर सुरू करा आणि मग त्याला हात लावू नका.

सूर्य, घड्याळ की शेजारी

संध्याकाळी मार्जिन उतरण्याचं एक नैसर्गिक कारणही असतं. एडीएसएल२+ चा डाउनलोड २.२ मेगाहर्ट्झपर्यंत जातो आणि रेडिओची मध्यम लहर, म्हणजे ५३१ ते १६०२ किलोहर्ट्झ, त्याच्या पोटातच येते. सूर्य मावळल्यावर लांबलांबची केंद्रं आकाशातून परावर्तित होऊन पोचतात, आणि आपली टेलिफोनची तार एरियलसारखं काम करते. पण या कारणाची वेळ सूर्यास्ताबरोबर सरकते. कोल्हापुरात जूनअखेर सूर्य सव्वासातच्या जरा आधी मावळतो, नोव्हेंबरात सहाच्या आत. मामांकडे नोव्हेंबरात सातनंतर तुटत होतं, अंधार पडून तास उलटल्यावर. शिवाय रेडिओमुळे मार्जिन हळूहळू उतरतो, एका झटक्यात पाच डीबी नाही.

टोननिहाय एसएनआर काढला की हे आणखी स्पष्ट होतं. सकाळचा आणि संध्याकाळचा, असे दोन तक्ते घ्या आणि शेजारी ठेवा. रेडिओ केंद्राचा खड्डा अरुंद असतो आणि टोनचा आकडा ४.३१२५ ने गुणला की त्याची फ्रिक्वेन्सी मिळते. सांगली आकाशवाणीची मध्यम लहर १२५१ किलोहर्ट्झची. ती २९० व्या टोनवर पडते, तेव्हा खड्डा तिथे असेल तर ओळख पटली. शेजाऱ्यांचे मॉडेम एकाच केबलमध्ये एकमेकांना त्रास देतात तो गोंगाट रुंद असतो, पण घरं जसजशी जागी होतील तसा पायरीपायरीने चढतो. आणि स्विचिंग पॉवर सप्लायचा गोंगाट, म्हणजे एलईडीचे ड्रायव्हर, स्वस्त चार्जर, इन्व्हर्टर यांचा, शेकडो टोन एकदम दाबतो. मामांकडे साधारण ६० ते ३०० टोनपर्यंतचा पट्टा एकसारखा खाली बसला होता. अपलोडचा मार्जिन मात्र जागचा हलला नव्हता. अपलोड १३८ किलोहर्ट्झच्या खाली चालतो, त्यामुळे गोंगाट त्याच्या वरच्या फ्रिक्वेन्सींत आहे हेही त्यावरून कळतं.

एक वेगळा नमुनाही लक्षात असू द्या. मार्जिन ८-९ वर स्थिर, तरी `CRC` मधूनच उसळतात आणि लाइन तुटते. पाण्याची मोटर, लिफ्ट किंवा वेल्डिंगचे क्षणिक झटके असे दिसतात, कारण मार्जिन हा सरासरीचा आकडा आहे आणि एवढा छोटा झटका त्यात उमटत नाही. उद्यमनगरकडच्या लाइनींवर मी आधी हेच तपासतो. तिथे कंपनीकडून इंटरलीव्हिंग, म्हणजे डेटा विखरून पाठवणं, वाढवून घेणं हा उपाय. पिंग थोडा वाढतो, चुका जातात.

गोंगाटाचा उगम

पहिला प्रश्न, उगम आपल्या घरात की बाहेर. राऊटर बारा व्होल्टच्या छोट्या यूपीएसवर चालवा, लॅपटॉप बॅटरीवर, आणि गोंगाटाच्या वेळी घराचा मेन दोन मिनिटं पाडा. मार्जिन वर आला तर चोर घरातच. मग एकेक एमसीबी चढवत जा. आधी मोठा इन्व्हर्टरही बंद करायला विसरू नका, नाहीतर मेन पाडल्यावर तोच आवाज करत बसतो.

मामांकडे मेन पाडून मार्जिन जागचा हलला नाही. मग जुना मध्यम लहरीचा ट्रान्झिस्टर घेतला, दोन केंद्रांच्या मधल्या मोकळ्या जागी लावला आणि रस्त्याकडच्या भिंतीजवळ फिरलो. ट्रान्झिस्टर तेच ऐकतो जे मॉडेमला त्रास देतं. गॅलरीत घरघर एकदम वाढली. ट्रान्झिस्टरच्या आत आडवी फेराइटची कांडी असते. सेट गोल फिरवताना आवाज जिथे सगळ्यात कमी होतो, तिथे कांडीचं टोक उगमाकडे रोखलेलं असतं. ते खालच्या दुकानाच्या पाटीकडे होतं.

दुकानदाराला विचारलं. ‘बोर्ड सातला लावतोय दादा, आणि साडेनऊला बंद. सोमवारी दुकानच बंद असतंय.’ वहीत बघितलं तर दोन्ही सोमवारी संध्याकाळी मार्जिन पाच डीबीने वगैरे कुठेच पडलेला नव्हता. तरी खात्री हवी म्हणून त्याला दोनदा पाटी बंद-चालू करायला लावली आणि मामा वर राऊटरच्या पानावर डोळा ठेवून बसले. दोन्ही वेळा आकडा बरोबर उतरला आणि चढला. ही शेवटची चाचणी टाळू नये. वेळ जुळते म्हणजे कारण तेच, असं नसतं.

दुरुस्ती

पाटीचा ड्रायव्हर हा गोंगाट करत होताच, पण मामांची तारही त्याला घरात बोलावत होती. खांबावरून आलेली टेलिफोनची तार भिंतीवर जिथे उतरते तिथून राऊटरपर्यंत चपटी, बिनपिळाची वायर टाकलेली, आणि ती पाटीच्या विजेच्या वायरीला चिकटून दोन-अडीच मीटर गेलेली. पिळाच्या जोडीत दोन्ही तारांवर सारखाच गोंगाट येतो आणि मॉडेम तो वजा करतो. चपट्या वायरीत हे नीट होत नाही.

ती काढून नेटवर्कच्या केबलमधली एक पिळाची जोडी वापरली, विजेच्या वायरीपासून हातभर लांबून, मधे एकही जोड न ठेवता. राऊटर पहिल्याच पॉइंटवर आणला, स्प्लिटर तिथेच, आणि पुढे जाणारं जुनं एक्स्टेन्शन तोडून टाकलं. वापरात नसलेली अशी लोंबती तार स्वतंत्र एरियलच असते. त्यानंतर पाटी लागली की मार्जिन ६.३ वरून ५.२ होऊ लागला. तेरा एमबीपीएसवर लाइन टिकली, मामांनी रात्री राऊटर बंद केला तरी. दुकानदाराने पुढे ड्रायव्हर बदलला तेव्हा उरलेला एक डीबीही गेला. दुसऱ्याची पाटी आपण उघडायला जाऊ नये. ते काम त्याच्या वायरमनचं.

घराबाहेरच्या केबलमधला दोष मात्र आपल्या हातात नसतो. पावसात भिजणारा जोड हे त्यातलं नेहमीचं. तेव्हा फोन उचलल्यावर खरखर येते आणि मार्जिन घड्याळाबरोबर नाही, सरींबरोबर पडतो. तक्रार करताना वहीचं पान आणि लॉगच्या `link down` ओळी सोबत द्या, आणि लाइनमनला तुटायच्या वेळीच बोलवा. शेजारच्या जोड्यांचा गोंगाट असेल तर तो आपल्याला काढता येत नाही. अशा वेळी कंपनीला लक्ष्य मार्जिन ६ वरून ९ करायला सांगा. मामांसारख्या लाइनीवर त्याची किंमत सुमारे १६०० किलोबिट पडते.